होस्ट फॅमिलीला आगमन आणि जेवणाबद्दल कसं विचारावं: नाशिकहून एक्स्चेंजला निघणाऱ्या मुलांसाठी

एक्स्चेंजला निघालेल्या मुलांनी होस्ट फॅमिलीला लिहिलेली पत्रं पाठवण्याआधी माझ्याकडे वाचायला येतात. इंग्रजी बहुतेकांचं चांगलं असतं. चुका होतात त्या क्रमात. तिकीट हातात नसताना 'आम्हाला घ्यायला कोण येणार?' असं विचारलं जातं, आणि जेवणाचा विषय निघायच्या आदल्या आठवड्यात एका ओळीत उरकला जातो: 'ती शुद्ध शाकाहारी आहे, पण ॲडजस्ट करेल.' या ओळीवरून समोरच्या माणसाला बाजारातून काय आणायचं हे काहीच कळत नाही.

इथे मी एकच उदाहरण धरून चालते. गंगापूर रोडवर राहणारी नववीतली मुलगी, ऑक्टोबरमध्ये तीन आठवड्यांसाठी जर्मनीत मॅनहाइमजवळच्या एका कुटुंबाकडे जाणार आहे. घरात आई, वडील, तिच्याच वयाची मुलगी आणि धाकटा भाऊ. विमान मुंबईहून फ्रँकफर्टला. देश बदलला तर तपशील बदलतील, क्रम तोच राहील.

एकूण चार संदेश लागतात: ओळख आणि पत्ता, मग जेवण, मग आगमन आणि शेवटी निघण्याआधीची खात्री. चारही विषय एका पत्रात घातले तर होस्ट पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देतात आणि बाकीचे राहून जातात.

## टप्पा 1: लिहिण्याआधी घरातच एक पान भरा

होस्टला विचारण्याआधी ते तुम्हाला काय विचारतील याची उत्तरं तयार हवीत. मुलीने आईबरोबर स्वयंपाकघरात बसून कागदावर तीन रकाने करावेत: 'अजिबात नाही', 'चालतं, पण सवय नाही', 'आवडतं'. मग एकेक पदार्थ घेऊन तो कोणत्या रकान्यात जातो ते ठरवावं.

पहिला प्रश्न अंड्याचा. आपल्याकडे शाकाहारी म्हटलं की अंडं नाही हे गृहीत असतं. युरोपात शाकाहारी माणूस अंडं, दूध आणि चीज खातो असं धरलं जातं. त्यामुळे 'शाकाहारी' एवढंच लिहिलंत तर पहिल्या सकाळी उकडलेलं अंडं समोर येईल, आणि त्यात होस्टची काही चूक नसेल. शिवाय प्रश्न दोन आहेत: ऑम्लेट चालतं का, आणि केकमध्ये किंवा पास्त्यात मिसळलेलं अंडं चालतं का? बऱ्याच घरांत पहिल्याचं उत्तर 'नाही' असतं आणि दुसऱ्याचं 'हो'. दोन्ही वेगवेगळी लिहा.

मग लपलेले पदार्थ. जेली, गमी गोळ्या आणि काही पुडिंगमध्ये जिलेटिन असतं, ते जनावरांपासून बनतं. भाज्यांच्या सूपला मांसाचा स्टॉक वापरलेला असू शकतो. पार्मेझानसारखी काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेली असतात. हे सगळं टाळायलाच हवं असं मी म्हणत नाही. पण तुम्ही यातलं काय टाळता हे तुम्हाला आधी माहीत हवं. चीजचं रेनेट ज्यांच्या घरात आजवर कुणी तपासलेलं नाही, त्यांनी ते जर्मनीतल्या माणसाला तपासायला लावू नये.

जैन कुटुंबांनी 'जैन जेवण' असं लिहून थांबू नये. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट अशी नावं लिहावीत. आणि बटाटा नसेल तर जर्मन घरात रोजच्या जेवणाची मोठी अडचण होते, म्हणून त्याऐवजी काय चालतं (भात, पास्ता, मटार, टोमॅटो, ढोबळी मिरची) ते त्याच्याच खाली हवं.

ऑक्टोबर असल्यामुळे नवरात्राचा प्रश्न येतो. नऊ दिवस उपास करणार की नाही, हे नाशिकमध्येच ठरवा. साबुदाणा आणि भगर म्हणजे काय हे परक्या घराला समजावून, तिथे रोज वेगळं शिजवायला लावणं मला पटत नाही. एक दिवस फळं, दूध आणि उकडलेले बटाटे यांवर करणार असाल तर ती तारीख सांगा, तेवढं कुठलंही घर आनंदाने करतं.

इशारा: पान भरताना मुलीचं उत्तर मुलीलाच देऊ द्या. ती कॉलेज रोडला मैत्रिणींबरोबर अंडा रोल खात असेल आणि पत्रात मात्र 'अंडं वर्ज्य' असं गेलं असेल, तर होस्टच्या घरी तिची पंचाईत होते. ती खरं सांगते की आईचं पत्र पाळते, हे होस्टला कळत नाही. हा विषय घरीच मोकळेपणाने संपवा.

इशारा: ॲलर्जी वेगळ्या चौकटीत लिहा. 'शेंगदाणे खात नाही' हे आवड, धर्म आणि ॲलर्जी या तिन्ही कारणांनी खरं असू शकतं, पण होस्टने घ्यायची काळजी तिन्हींत अगदी निराळी आहे. ॲलर्जी तीव्र असेल तर ती प्रवेश अर्जातच गेलेली हवी. कुटुंब ठरल्यावर सांगणं म्हणजे उशीर झाला.

## टप्पा 2: पहिलं पत्र, ओळख आणि पत्ता

कुटुंबाचं नाव कळल्यावर दोन-तीन दिवसांत हे जावं. पत्र मुलीने स्वतः लिहावं, खाली आईवडिलांच्या दोन ओळी असाव्यात, आणि प्रत शाळेच्या को-ऑर्डिनेटरला जावी. होस्ट आईवडिलांना आडनावाने संबोधावं. त्यांनी उत्तरात फक्त पहिलं नाव लिहून सही केली की पुढच्या पत्रापासून पहिलं नाव वापरायला हरकत नाही.

या पत्रात विचारायच्या गोष्टी तीनच. पहिली, पिन कोडसकट पूर्ण पत्ता, फोन आणि ईमेल. शेंगेन व्हिसाच्या अर्जात बोलावणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि हा तपशील भरावा लागतो, आणि फ्रँकफर्टला पासपोर्ट तपासणीतही 'कुठे राहणार?' असं विचारू शकतात. दुसरी, दारावरच्या बेलवर कोणतं आडनाव आहे. जर्मनीत इमारतीच्या बेलवर आणि पत्रपेटीवर फ्लॅट नंबरऐवजी बहुधा आडनाव असतं, आणि नवरा-बायकोची आडनावं वेगळी असू शकतात.

तिसरी गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात: त्यांच्या घरात कुणाला कशाची ॲलर्जी आहे का? आपल्या मुलीच्या जेवणाची चिंता करताना आपण हे पाहत नाही की बॅगेत नाशिकचा चिवडा, शेंगदाण्याचे लाडू आणि तिळाची चिक्की भरून आपणच ते घर शेंगदाणे आणि तिळांनी भरून टाकणार आहोत. होस्टच्या धाकट्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ही भेट धोक्याची आहे. उत्तर येईपर्यंत खाऊ विकत घेऊ नका.

खाऊबद्दल आणखी दोन नियम इथेच सांगते. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि साजूक तूप घरीच राहू द्या. आणि द्राक्षं किंवा पेरूसारखी ताजी फळं नेण्यासाठी वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तीही नकोत. शेंगदाण्याची अडचण नसेल तर सीलबंद चिवडा चालतो, आणि पाकिटावर घटकांची यादी इंग्रजीत असली की होस्टला ती वाचता येते.

तपासा: पाठवण्याआधी प्रश्नचिन्हं मोजा. तीनपेक्षा जास्त असतील तर जास्तीचे प्रश्न पुढच्या पत्रात ढकला.

## टप्पा 3: जेवणाचं पत्र

हे निघण्याच्या पाच-सहा आठवडे आधी जावं. तिकिटाची वाट पाहू नका. होस्टला काही शिकून घ्यायचं असेल, किंवा 'हे आम्हाला जमणार नाही' असं म्हणायचं असेल, तर त्यांना वेळ मिळतो, आणि को-ऑर्डिनेटरच्या हातातही मार्ग काढायला अवधी राहतो.

पत्राची रचना अशी: आधी काय खाते, मग काय खात नाही, मग ती स्वतः काय करू शकते, आणि शेवटी प्रश्न. सुरुवातच नकारांच्या यादीने झाली तर वाचणाऱ्याच्या मनात रिकामं ताट उभं राहतं. आपल्या मुलीच्या पत्राचा मजकूर मराठीत असा होईल. इंग्रजीत लिहितानाही वाक्यं एवढीच लहान ठेवा:

> मला ब्रेड, भात, पास्ता, बटाटे, सगळ्या भाज्या, सगळ्या डाळी, दूध, दही आणि चीज आवडतं.
>
> मी मांस, चिकन, मासे आणि समुद्रातले इतर प्राणी खात नाही. मांसाचा स्टॉक घातलेलं सूप आणि जिलेटिन असलेल्या गोळ्याही खात नाही. अंडं तसं खात नाही, पण केकमध्ये किंवा पास्त्यात असेल तर चालतं.
>
> हे आमच्या घरच्या पद्धतीमुळे आहे. मला कसलीही ॲलर्जी नाही. तुम्ही टेबलावर मांस खात असलात तरी मला अडचण नाही. तेच भांडं धुऊन वापरलं तरी चालेल.
>
> मी माझा नाश्ता आणि शाळेचा डबा स्वतः करू शकते.
>
> तुमच्या घरी गरम जेवण दुपारी असतं की रात्री? शाळेच्या दिवशी मी दुपारी कुठे जेवेन? घरात असं काही आहे का, जे मी विचारल्याशिवाय घेऊ नये?

भांड्यांचं वाक्य गाळू नका. होस्टला खरी धास्ती त्याचीच असते: वेगळा तवा लागेल का, आपण समोर सॉसेज खाल्लं तर तिला वाईट वाटेल का? ते विचारत नाहीत आणि मनातल्या मनात अवघडून बसतात. तुमच्या घरी वेगळं भांडं लागत असेल तर तेही स्पष्ट लिहा, 'एक लहान कढई मी बरोबर आणेन' असं म्हटलं की प्रश्न सुटतो.

शेवटच्या तीन प्रश्नांपैकी पहिला आपल्या मुलांसाठी फार महत्त्वाचा आहे. अनेक जर्मन घरांत रात्रीचं जेवण थंड असतं: ब्रेड, लोणी, चीज, काकडी, टोमॅटो, मांसाचे काप. तेही संध्याकाळी सहा-सातला. नाशिकमध्ये नऊला गरम वरण-भात खाणाऱ्या मुलीला हे आधी माहीत नसेल तर तिला वाटतं, आपल्यासाठी काही शिजवलंच नाही. माहीत असेल तर ती दुपारी पोटभर गरम जेवते आणि रात्री चीज-ब्रेड आनंदाने खाते.

### उत्तर आल्यावर

होस्ट आई कदाचित लिहील: 'आम्ही शुक्रवारी मासे करतो, तिला टूना चालेल ना? आणि शाळेच्या कॅन्टीनमध्ये रोज एक शाकाहारी पदार्थ असतो.' पहिल्या प्रश्नावर चिडू नका. मासे खाणारेही स्वतःला शाकाहारी म्हणवतात, हा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. उत्तर द्या: 'टूना नको. शुक्रवारी मी उकडलेले बटाटे आणि सॅलड घेईन, त्याने माझं पोट भरतं.' नकाराबरोबर पर्याय दिला की त्यांना पुन्हा विचार करत बसावं लागत नाही.

कॅन्टीनच्या उत्तरावर एक उलटा प्रश्न आवश्यक आहे: त्या पदार्थात अंडं असतं का, हे कुठे पाहायचं? युरोपियन युनियनमध्ये ठरावीक 14 ॲलर्जी-घटकांची माहिती द्यावीच लागते, आणि अंडं त्या यादीत आहे. कॅन्टीनच्या फलकावर ही माहिती बहुधा आकडा किंवा अक्षराने दिलेली असते. कोणतं चिन्ह अंड्याचं, हे होस्टच्या मुलीला विचारून ठेवलं की रोजचा प्रश्न मिटतो. जिलेटिन आणि मांसाचा स्टॉक मात्र त्या यादीत येत नाहीत, त्यासाठी पाकिटावरची घटकांची यादीच वाचावी लागते.

इशारा: 'काहीही चालेल' आणि 'त्रास घेऊ नका' ही आपली सभ्यतेची वाक्यं पत्रात नकोत. वाचणारा ती जशीच्या तशी घेतो आणि खरंच काही वेगळं करत नाही. 'व्हीगन' असंही लिहू नका, त्यात दूध, दही, चीज सगळं बाद होतं आणि मुलगी तीन आठवडे दह्याला मुकते.

## टप्पा 4: आगमनाचं पत्र

हे तिकीट पक्कं झाल्यावर, त्याआधी नाही. तिकिटाची पीडीएफ जोडून 'तपशील सोबत जोडला आहे' असं लिहू नका. त्यात मुंबईची वेळ भारतीय आणि फ्रँकफर्टची जर्मन असते, त्यातून गोंधळ होतो. शिवाय त्या पानावर पीएनआर असतो. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कुणीही तुमचं बुकिंग उघडू शकतं, म्हणून तो होस्टलाच काय, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकू नका.

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते. समजा विमान 12 ऑक्टोबरला रात्री 2.30 वाजता आहे. मुलगी नाशिकहून 11 तारखेला निघते, म्हणून ती लिहिते 'मी 11 ला निघतेय'. होस्ट मग 11 लाच विमानतळावर येतात. होस्टला निघण्याची तारीख लागतच नाही. त्यांना उतरण्याची तारीख आणि वार, त्यांच्या घड्याळानुसार हवा.

हिशेब करून पाहू. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत जर्मनीत उन्हाळी वेळ असते आणि ते आपल्या साडेतीन तास मागे असतात. त्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, मग फरक साडेचार तासांचा होतो. विमान 2.30 ला सुटून सुमारे नऊ तास उडालं, तर भारतात सकाळचे 11.30 आणि फ्रँकफर्टला सकाळचे 8 वाजलेले असतील, तारीख तीच, 12. पासपोर्ट तपासणी आणि बॅग यात सव्वा ते दीड तास धरा, म्हणजे ती साधारण 9.15 ते 9.30 ला बाहेर येईल. होस्टला हे दोन्ही आकडे द्या. फक्त '8 वाजता' लिहिलं तर ते 8 ला दारात उभे राहतात आणि सव्वानऊला काळजीत पडतात.

तारखेत महिना अक्षरांत लिहा. 12/10 हे जर्मनीत ठीक, पण अमेरिकेत ते 10 डिसेंबर होतं.

पत्रात एवढं हवं:

> मी सोमवार, 12 ऑक्टोबर रोजी सकाळी 8.00 वाजता (तुमची वेळ) फ्रँकफर्टला उतरते. विमान क्रमांक अमुक. बॅग घेऊन मी साधारण 9.15 ते 9.30 ला बाहेर येईन.
>
> मला घ्यायला कोण येणार आहे? त्यांचा मोबाइल नंबर काय? आपण कोणत्या टर्मिनलच्या कोणत्या ठिकाणी भेटायचं?
>
> विमानाला उशीर झाला किंवा तुम्ही मला दिसला नाहीत, तर मी कुठे थांबू आणि कुणाला फोन करू?

तारीख आणि वार जुळतात का हे कॅलेंडरवर पाहूनच लिहा. तिकिटावर एका कंपनीचा क्रमांक आणि 'चालवणारी' दुसरीच कंपनी असेल, तर दोन्ही क्रमांक द्या. विमानतळाच्या फलकावर कधी एकच दिसतो.

भेटण्याच्या ठिकाणाबद्दल 'बाहेर भेटू' एवढ्यावर समाधान मानू नका. फ्रँकफर्टच्या एकट्या टर्मिनल 1 मध्येच ए, बी, सी असे हॉल आहेत आणि बाहेर पडायची दारं अनेक. कोणतं दार, कोणतं दुकान किंवा 'मीटिंग पॉइंट'ची पाटी, हे होस्टकडून लिहून घ्या.

होस्टने 'तू ट्रेनने मॅनहाइमला ये, आम्ही स्टेशनवर घेऊ' असं सुचवलं तर ते अगदी शक्य आहे, विमानतळालाच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीने रात्रभराच्या प्रवासानंतर हे एकटीने करावं का, हे को-ऑर्डिनेटरशी बोलून ठरवा. नको असेल तर पत्रात सरळ लिहा: 'हा माझा पहिलाच प्रवास आहे, कुणी विमानतळावर आलं तर मला बरं वाटेल.' अशी विनंती करण्यात उद्धटपणा नाही. गप्प बसून होकार देणं आणि शेवटच्या दिवशी घाबरून फोन करणं होस्टला जास्त जड जातं.

तपासा: होस्टचा नंबर 0 ने सुरू होत असेल तर तो देशातला नंबर आहे. आपल्या सिमवरून तो लागणार नाही. पहिलं शून्य काढून पुढे +49 लावा आणि नाशिकमधूनच एकदा व्हॉट्सॲप कॉल करून पाहा, म्हणजे मुलीने आवाजही ऐकलेला असेल.

## टप्पा 5: निघण्याआधीचे दोन दिवस

दोन दिवस आधी चार ओळींचा संदेश जावा: उतरण्याची तारीख आणि वेळ, भेटण्याचं ठिकाण, घ्यायला येणाऱ्याचं नाव आणि 'हे बरोबर आहे ना?' होस्टचं 'हो' आल्याशिवाय हे पक्कं धरू नका. निळ्या टिका म्हणजे उत्तर नव्हे. एक दिवसात उत्तर आलं नाही तर को-ऑर्डिनेटरला कळवा.

नाशिकहून मुंबई विमानतळाला चार तास धरतात, पण कसारा घाट किंवा भिवंडी-ठाण्याची कोंडी तो हिशेब मोडू शकते. 2.30 च्या विमानासाठी रात्री 11 ला विमानतळावर पोहोचायचं, तर 11 तारखेला संध्याकाळी पाचला घर सोडावं. बोर्डिंगच्या वेळी मुलीने होस्टला एक ओळ पाठवावी: 'विमानात बसतेय.' विमानाला उशीर झाला तर ही ओळ पाठवताना नवी उतरण्याची वेळ त्यांच्या घड्याळाने लिहावी. रात्री 2 ला मुंबईत जे कळतं ते जर्मनीत आदल्या दिवशीच्या रात्री साडेदहाला पोहोचतं, होस्ट बहुधा जागे असतात.

एक कार्ड कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. एका बाजूला होस्टचं नाव, पत्ता, बेलवरचं आडनाव, +49 सह नंबर, भेटण्याचं ठिकाण आणि को-ऑर्डिनेटरचा नंबर. दुसऱ्या बाजूला जर्मनमध्ये दोन-तीन वाक्यं: मी मांस, मासे आणि अंडी खात नाही, दूध आणि चीज चालतं. ही वाक्यं होस्टच्या मुलीकडूनच लिहून घ्या, म्हणजे ती बिनचूक असतील आणि कॅन्टीनमध्येही कामाला येतील. ॲलर्जी असेल तर ती या बाजूला सगळ्यात वर.

बाहेर आल्यावर कुणी दिसलं नाही, तर ठरलेल्या ठिकाणीच थांबायचं. टर्मिनल बदलायचं नाही, अनोळखी माणसाने 'चल, सोडतो' म्हटलं तरी जायचं नाही. 15 मिनिटांनी होस्टला फोन, लागला नाही तर को-ऑर्डिनेटरला, आणि दोन्ही लागले नाहीत तर विमान कंपनीच्या काउंटरवर जाऊन कार्ड दाखवायचं. घरी फोन त्यानंतर, कारण नाशिकमधून आईला त्या क्षणी करता येण्यासारखं फारसं काही नसतं.